शेजारच्यानं केक तीनशेला लावला, आता आपण काय करायचं?

समजा, तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ एक छोटी बेकरी आहे. अर्धा किलोचा एगलेस पायनॅपल केक तिथे 350 रुपयांना मिळतो. एके दिवशी चार दुकानं सोडून नवी बेकरी उघडते आणि बाहेर फलक लागतो: अर्धा किलो केक 300 रुपये. मालकीणबाईंच्या मनात पहिला विचार येतो तो आपणही तीनशे करावेत हाच. घरातले म्हणतात, पन्नास रुपयांनी काय होतंय, गिऱ्हाईक तुटायला नको.

या पन्नास रुपयांनी नेमकं काय होतं ते कागदावर अर्ध्या तासात काढता येतं. त्यासाठी दोन आकडे लागतात. एका केकमागे आपल्या हातात किती सुटतात, हा पहिला. त्याला हिशेबाच्या भाषेत कॉन्ट्रिब्युशन मार्जिन म्हणतात. दुकानाचा महिन्याचा ठरलेला खर्च भागायला असे किती केक विकावे लागतात, हा दुसरा. तो ब्रेक-इव्हन पॉइंट, म्हणजे ना नफा ना तोटा अशी पातळी. दर ठरवताना बहुतेक जण शेजाऱ्याचा भाव बघतात किंवा सामानाच्या खर्चाची दुप्पट-अडीचपट करतात. या दोन्ही रीतींतून वरचे दोन आकडे कळत नाहीत.

खर्चाचे दोन ढीग

सगळ्या खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: आज एक केक जास्त केला, तर हा खर्च वाढेल का? वाढणार असेल तर तो एका ढिगात, नसेल तर दुसऱ्या.

पहिल्या ढिगात केकबरोबर दुकानाबाहेर जाणारा खर्च येतो. आपल्या उदाहरणात स्पंजचं सामान 38 रुपये, व्हिप्ड क्रीम 40, पायनॅपल क्रश, साखरेचा पाक आणि चेरी मिळून 22, खोका, बोर्ड, सुरी आणि मेणबत्ती 25, गॅस 10, आणि बिघडलेला स्पंज किंवा उरलेलं फेटलेलं क्रीम यांत वाया जाणारे 15. एकूण 150 रुपये. हा चल खर्च. यात खोका आणि वाया जाणारा माल या दोन गोष्टी हमखास सुटतात. केक मनात असतो, खोका नसतो. पण इथे या दोन बाबींचेच 40 रुपये झाले.

दुसऱ्या ढिगात महिना उगवला की द्यावाच लागणारा खर्च, एकही केक विकला नाही तरी. गाळ्याचं भाडं 18,000, कारागीर आणि मदतनीस यांचे पगार 32,000, मालकीणबाईंचा स्वतःचा पगार 20,000, ओव्हन आणि फ्रीजच्या कर्जाचा हप्ता 9,000, वीज 3,500, ओव्हन तापवण्याचा गॅस 4,500, फोन, हिशेबनीस आणि किरकोळ दुरुस्ती 3,000. बेरीज 90,000. हा स्थिर खर्च.

मालकाचा पगार इथे धरायलाच हवा. तो धरला नाही तर बेकरी नफ्यात दिसते आणि घर मात्र चालत नाही. त्याच कौशल्यावर दुसऱ्याच्या बेकरीत जे मिळालं असतं, तेवढे तरी लिहावेत. कर्जाच्या हप्त्याबद्दल मात्र सीएचं म्हणणं वेगळं पडेल. हप्त्यातली मुद्दल परतफेड म्हणजे खर्च नाही, त्याऐवजी व्याज आणि ओव्हनचा घसारा धरा, असं ते सांगतील, आणि ताळेबंदासाठी ते बरोबरच आहे. पण महिनाअखेरीस बँकेत हप्ता जाण्याइतके पैसे असतील का हे बघायचं असेल, तर पूर्ण हप्ता धरणंच बरं. मी इथे तसंच केलं आहे.

गॅस दोन्ही ढिगांत आलेला दिसला असेल. ओव्हनमध्ये एक ट्रे लावा नाहीतर चार, तो आधी तापवावा लागतोच, म्हणून गॅसचा एक भाग स्थिर असतो. किती, हे काढायला दोन महिन्यांची बिलं पुरतात. एका महिन्यात 300 केक झाले आणि गॅसला 7,500 रुपये लागले, दुसऱ्या महिन्यात 500 केक आणि 9,500 रुपये. म्हणजे 200 जास्त केकांना 2,000 रुपये, केकमागे 10. मग 300 केकांचे 3,000 वजा केल्यावर उरलेले 4,500 रुपये ओव्हन तापवण्याचे. दोन्ही महिन्यांत सिलिंडरचा भाव सारखा हवा, नाहीतर हा हिशेब फसतो. म्हणून रुपयांऐवजी 19 किलोचे किती सिलिंडर संपले ते मोजावं आणि शेवटी भावानं गुणावं.

पगाराचंही तसंच. महिन्याच्या पगारावरचा कारागीर स्थिर खर्चात जातो. नगावर पैसे घेणारा आयसिंगवाला असेल, तर त्याची मजुरी केकच्या 150 रुपयांत मिळवावी लागते.

दोनशे रुपये आणि साडेचारशे केक

आता 350 मधून 150 वजा केले की 200 उरतात. हे दोनशे रुपये अजून नफा नाहीत. ते आधी भाड्याकडे, पगाराकडे, हप्त्याकडे जातात. नव्वद हजारांचा खड्डा दोनशे-दोनशेनं भरायचा आहे, तर

ब्रेक-इव्हन = स्थिर खर्च ÷ एका केकमागे सुटणारी रक्कम = 90,000 ÷ 200 = 450 केक

महिन्याचे तीसही दिवस दुकान उघडं असेल तर रोज 15. साडेचारशेव्या केकपर्यंत मालकीणबाई स्वतःच्या पगारापलीकडे काही कमवत नाहीत. चारशे एक्कावन्नाव्या केकपासून मात्र सुटणारे दोनशेच्या दोनशे नफा असतात, कारण भाडं एव्हाना भरून झालेलं असतं. ही बेकरी सध्या महिन्याला 520 केक विकते असं धरू. म्हणजे वरचे 70 केक, गुणिले 200, महिन्याला 14,000 नफा. आणि विक्री 70 केकांनी, म्हणजे साधारण साडेतेरा टक्क्यांनी, घसरली की नफा शून्य. एवढीच मोकळीक आहे. शेजारी नवी बेकरी आली असताना हा आकडा माहीत असायला हवा.

इथे एक मोहाची वाट आहे. काही जण भाडं आणि पगार केकांवर वाटून एका केकची पूर्ण किंमत काढतात. 450 केक असतील तर केकमागे 200 स्थिर खर्च, अधिक 150, म्हणजे केक 350 ला पडला. ठीक वाटतं. पण पावसाळ्यात विक्री 360 वर आली की तोच स्थिर खर्च केकमागे 250 होतो आणि केक 400 ला पडला असं दिसू लागतं. मग 350 ला विकणं तोट्याचं वाटून भाव वाढवला जातो, त्यानं गिऱ्हाईक अजून कमी होतं, आणि पुढच्या महिन्यात केक आणखी महाग पडल्यासारखा दिसतो. वास्तविक केकवर होणारा खर्च एका रुपयानंही बदललेला नव्हता. म्हणून भाडं केकवर वाटत बसू नये. केकमधून किती सुटतात ते बघावं आणि भाड्याचा खड्डा वेगळा ठेवावा.

पन्नास रुपये उतरवले तर

भाव 300 केला की सुटणारे 200 वरून 150 वर येतात. भाव सुमारे चौदा टक्क्यांनीच उतरला, पण सुटणारी रक्कम पंचवीस टक्क्यांनी घटली. मैदा, क्रीम, खोका आपल्याला स्वस्त मिळत नाहीत. सगळी सूट आपल्या हातात येणाऱ्या भागातूनच जाते. ब्रेक-इव्हन 450 वरून 600 केकांवर जातो, रोज 15 च्या जागी 20.

आधीएवढाच 14,000 नफा हवा असेल तर 90,000 अधिक 14,000, भागिले 150, म्हणजे 694 केक. आज 520 जातात. केवळ आहे तिथे राहण्यासाठी 174 केक जास्त विकायचे, एक तृतीयांश वाढ. आणि ही वाढ नवी बेकरी उघडलेली असताना हवी.

पुढची अडचण कागदावर चटकन दिसत नाही. रोज 17-18 केकांचं आयसिंग एक कारागीर करू शकतो. रोज 23 केक, आणि रविवारी त्याहून जास्त, हे त्याच्या एकट्याच्या हातून होणार नाही. आणखी एक माणूस 12,000 वर ठेवला की स्थिर खर्च 1,02,000 होतो आणि तोच नफा राखायला 774 केक लागतात. स्थिर खर्च एका मर्यादेपर्यंतच स्थिर असतो, मग पायरीसारखा एकदम वर जातो. भाव उतरवण्याच्या बहुतेक बेतांमध्ये ही पायरी धरलेली नसते.

उलट बाजू बघा. भाव 380 केला तर केकमागे 230 सुटतात. तेवढाच 14,000 नफा 453 केकांत मिळतो. म्हणजे 67 केकांची विक्री गेली, दर शंभर गिऱ्हाइकांतली तेरा शेजारी गेली, तरी मालकीणबाई होत्या तिथेच राहतात, आणि कारागिराला वेळ उरतो. याचा अर्थ भाव वाढवाच असा नाही. पण प्रश्न आता मोजता येण्याजोगा झाला: तीस रुपये वाढवल्यावर शंभरातली तेरापेक्षा जास्त माणसं जातील का? आणि पन्नास उतरवल्यावर तेहेतीस जास्त येतील का?

माझा अंदाज विचाराल तर वाढदिवसाच्या केकला गिऱ्हाईक चव, वेळेवर मिळणं आणि नाव नीट लिहिलेलं असणं याला जास्त महत्त्व देतं, आणि वर्षातून दोन-तीनदाच घेतं. तिथे तीस रुपये चालून जातात. पाव रोजचा असतो, त्याचा एक रुपया वाढला तरी गल्लीभर चर्चा होते. तरी अंदाजावर राहू नये. आधी एकाच चवीचा भाव वाढवावा, चॉकलेट ट्रफलचा समजा, आणि महिनाभर किती नग गेले ते लिहावं. गल्ल्यातली रक्कम बघू नये, नग मोजावेत. भाव वाढल्यावर गल्ला नग कमी होऊनही तेवढाच दिसू शकतो.

बेकरीची जीएसटी नोंदणी असेल तर आणखी एक वजाबाकी येते. केक-पेस्ट्रीवरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्के झाला आहे. फलकावरचा 350 रुपये भाव करासहित असेल तर त्यातले सुमारे 17 रुपये सरकारचे, आणि हिशेब 333 पासून सुरू करायचा. वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असल्यानं नोंदणी घेतलेली नसेल, तर हा कर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. पण क्रीम-खोक्यांवर आपण भरलेला कर परतही मिळत नाही. म्हणून सामानाचे दर करासकटच धरावेत.

ॲपवरचा केक वेगळा केक समजावा

घरपोच ॲपनं समजा 25 टक्के कमिशन कापलं. 350 च्या केकवर 87.50 रुपये गेले, हातात 262.50 आले, त्यातून 150 वजा केल्यावर सुटले 112.50. सगळे केक ॲपवरच विकले तर ब्रेक-इव्हन बरोबर 800 केकांवर जातो. तोच केक, तेच क्रीम, पण हिशेबात ती वेगळी वस्तू आहे. ॲपवरही 200 सुटायला हवे असतील तर तिथला भाव 467 च्या आसपास ठेवावा लागेल. तेवढा ठेवता येत नसेल, तर ॲपवरचं गिऱ्हाईक खरंच नवं आहे का एवढं तपासावं. नवं असेल तर 112 रुपयेही खड्डा भरायला आलेच. पण एरवी दुकानात येऊन 350 देणारंच माणूस घरबसल्या मागवू लागलं असेल, तर त्या प्रत्येक केकवर 87 रुपये आपण गमावतो आहोत.

उरलेले पॅटिस

केक बऱ्याच अंशी ऑर्डरवर होतो, म्हणून उरत नाही. पॅटिस सकाळी करून ठेवावा लागतो. भाव 20 रुपये, चल खर्च 12, सुटतात 8. शंभर केले आणि शंभरही गेले तर 800 सुटले. आता त्यातले दहा उरले. विक्री 1,800, पण खर्च शंभरांवर झालेला, 1,200. सुटले 600. दहा टक्के माल उरला आणि सुटणारी रक्कम पंचवीस टक्के गेली. वीस उरले तर निम्मी जाते. कारण उरलेल्या पॅटिसचे फक्त 8 रुपये बुडत नाहीत, त्यावर घातलेले 12 रुपयेही बुडतात.

म्हणून जी वस्तू उरते, तिचे सुटणारे पैसे विकलेल्या नगांवरून काढले तर फसगत होते. केलेल्या नगांवरून काढावेत. दहा टक्के उरण्याची सवय असेल तर पॅटिसमागे 8 सुटत नाहीत. 600 भागिले 100 केलं की खरा आकडा 6 रुपये येतो.

संध्याकाळी साडेसातला ते दहा पॅटिस 10 रुपयांना काढावेत का? खर्चाच्या, म्हणजे 12 च्या, खाली विकायचं असल्यानं जीवावर येतं. पण ते 12 सकाळीच खर्च झाले आहेत, विकून किंवा न विकून ते परत येणार नाहीत. दहाला विकले तर दिवसाचे 600 ऐवजी 700 सुटतात. धोका वेगळाच आहे: नेहमीची माणसं साडेसातची वाट बघू लागतात. तसं होतंय का हे सहाच्या सुमाराची विक्री घटली की कळतं. मग सूट बंद करावी आणि सकाळी दहा पॅटिस कमी लावावेत.

गल्ला तोच, पण तोटा

आतापर्यंत बेकरी केकवरच चालते असं धरलं. खऱ्या बेकरीत केक, खारी, पाव सगळंच असतं, आणि 'किती नग' या प्रश्नाला एकच उत्तर राहत नाही. तेव्हा रुपयामागे किती पैसे सुटतात ते बघतात.

समजा त्याच 90,000 स्थिर खर्चात ही बेकरी महिन्याला 300 केक, 200 किलो खारी आणि 3,000 लाद्या विकते. केकचे 1,05,000 येतात, त्यातले 60,000 सुटतात. खारी 240 रुपये किलो, किलोमागे 100 सुटतात. विक्री 48,000, सुटले 20,000. लादी वडापावच्या गाड्यांना 18 रुपयांनी जाते, लादीमागे 5 सुटतात; विक्री 54,000, सुटले 15,000. एकूण विक्री 2,07,000 आणि सुटलेले 95,000, म्हणजे रुपयामागे साधारण 46 पैसे. ब्रेक-इव्हन 1,96,000 च्या थोडा वर, आणि नफा 5,000.

पुढच्या महिन्यात 54 केक कमी गेले, पण 1,050 लाद्या जास्त गेल्या. केकचे 18,900 घटले, पावाचे 18,900 वाढले. गल्ला अगदी तोच, 2,07,000. सुटणाऱ्या पैशात मात्र केकचे 10,800 गेले आणि पावाचे 5,250 आले. 95,000 चे 89,450 झाले आणि बेकरी 550 रुपये तोट्यात गेली. ब्रेक-इव्हनचा रुपयातला आकडा विक्रीचं मिश्रण तेच राहील तोवरच खरा असतो. म्हणून दर महिन्याला निदान तीन मोठ्या वस्तूंचे नग वेगळे लिहावे लागतात. एकट्या गल्ल्यावरून हे कधीच दिसणार नाही.

हे वाचून वाटेल की मग पाव बंदच करावा, रुपयामागे 28 पैसे देणारी वस्तू हवी कशाला? पाव बंद केला तर त्याचे 15,000 जातात, आणि भाडं, हप्ता, पगार यांतला एक रुपयाही कमी होत नाही. सुटणारे 80,000 वर येतात आणि 5,000 नफ्याच्या जागी 10,000 तोटा होतो. वडापावच्या गाड्यांना पाव पहाटे लागतो. त्या वेळी केकचा स्पंज भाजायचा नसतो, ओव्हन मोकळाच असतो. तेव्हा पाव कोणाची जागा अडवत नाही, आणि लादीमागचे पाच रुपये घेण्याजोगे ठरतात.

याला दोन अपवाद आहेत. केवळ पावासाठी पहाटे येणारा माणूस वेगळा ठेवला असेल, तर पाव बंद केल्यावर त्याचा पगार वाचतो. तो 12,000 असेल तर पावाची खरी कमाई महिन्याला 3,000 च आहे, आणि पीठ मळायचं मशीन बिघडण्याच्या आणि गाड्यांची उधारी थकण्याच्या धोक्यापुढे ते कमी आहेत. दुसरा अपवाद डिसेंबरचा. नाताळ आणि 31 तारखेच्या आठवड्यात ओव्हन दिवसरात्र भरलेला असतो, तेव्हा रुपयामागे किती पैसे हा प्रश्न मागे पडतो आणि ओव्हनच्या तासामागे किती सुटतात हे बघावं लागतं. अर्ध्या तासात 40 लाद्या निघत असतील तर तासाला 400 रुपये. त्याच तासात स्पंजच्या एका फेरीचे 12 केक निघत असतील तर 2,400. त्या आठवड्यापुरता पाव ओळखीच्या दुसऱ्या बेकरीतून 17 रुपयांना घेऊन 18 ला गाड्यांवर पोचवला, लादीमागे एकच रुपया सुटला, तरी तो सौदा चांगला: गाडीवाले तुटत नाहीत आणि ओव्हन केकला मिळतो.